सकाळचा आकडा आणि रात्रीचे युनिट

देवरुखजवळच्या एका गावातल्या निवृत्त शिक्षकांचे उदाहरण घेऊ. वय एकसष्ट, वजन सत्तर किलो, मधुमेह बारा वर्षांचा. गोळ्या चालू असूनही तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी दर्शक, म्हणजे एचबीएवनसी, ९.२ वर गेला. तेव्हा डॉक्टरांनी रात्री दहा वाजता ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन सुरू केले, अवघे १० युनिट. ही मात्रा बहुतेकांना अपुरीच असते. सुरुवात मुद्दाम कमी ठेवायची आणि सकाळची उपाशीपोटीची साखर पाहत हळूहळू वाढवायची, अशी ही पद्धत आहे. अडचण वाढवण्याच्या टप्प्यावर येते. डॉक्टर रत्नागिरीत, गुरुजी गावात. दर वाढीसाठी एस.टी.ने जायचे म्हटले तर महिन्यातून एकदाच जाणे होते आणि चार-पाच वाढींना चार-पाच महिने लागतात. तोवर साखर चढलेलीच राहते.

म्हणून दोघांनी असे ठरवले की, गुरुजींनी रोज सकाळी ग्लुकोमीटरवरचा आकडा संदेशाने पाठवावा आणि डॉक्टरांनी दर तीन दिवसांनी मात्रा कळवावी. ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नेमक्या याच पद्धतीची चाचणी झाली. रुग्णांना कामकाजाच्या दिवशी सकाळी साधा संदेश जाई, ते आकडा कळवीत, परिचारिका ते आकडे पाही आणि आठवड्यातून एकदा दूरध्वनीवर मात्रा सांगे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बारा आठवड्यांत संदेश पाठवणाऱ्यांपैकी ८८ टक्के रुग्ण योग्य मात्रेपर्यंत पोहोचले. दवाखान्यात येऊन मात्रा ठरवून घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

तीनच दिवस का?

ग्लार्जिनची मात्रा बदलल्यावर तिचा पूर्ण परिणाम स्थिर व्हायला दोन ते चार दिवस लागतात. आज वाढवून उद्याच निष्कर्ष काढला, तर जुन्या मात्रेचाच परिणाम आपण मोजत असतो. दुसरे कारण यंत्राचे आहे. घरगुती ग्लुकोमीटरला सुमारे पंधरा टक्क्यांचा फरक मानकानुसार मान्य आहे. म्हणजे १४० दाखवणाऱ्या पट्टीमागे खरी साखर १२० असू शकते किंवा १६०. एकट्या आकड्यावर मात्रा ठरवणे म्हणूनच धोक्याचे. तीन सकाळींचा कल मात्र भरवशाचा असतो.

डॉक्टरांनी गुरुजींसाठी उपाशीपोटी ८० ते १३० हे लक्ष्य ठरवले. पहिल्या तीन दिवशी १८८, १९४, १८१ आले, म्हणून मात्रा १२ झाली. पुढे १७९, १७२, १७६; मात्रा १४. नवव्या दिवशी अचानक २४१ आला. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही. त्यांनी उलट विचारले, “हात धुतले होते का?” मे महिना होता आणि गुरुजींनी तपासणीच्या आधी नातवासाठी हापूस कापला होता. बोटाला लागलेला फळाचा रसही पट्टीला साखरच वाटतो. साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा तपासले तेव्हा आकडा १६२ निघाला. हा आकडा आणि आधीचे १७१ व १६५ धरून मात्रा नेहमीप्रमाणे दोनच युनिटांनी वाढली, १६ झाली. पुढच्या दोन फेऱ्यांत ती १८ व २० वर गेली आणि सोळाव्या दिवसापासून आकडे १२२, ११८, १२६ असे लक्ष्याच्या आत आले. दीड आठवड्यात एक-दोन फेऱ्या होणेही जिथे कठीण होते, तिथे पंधरा दिवसांत पाच वाढी झाल्या.

संदेशात काय असावे

गुरुजींचा संदेश एका ओळीचा असे: “१४ मे, सकाळी ६.३०, उपाशीपोटी १५२, काल रात्री १६ युनिट.” शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा. रात्री इन्सुलिन घ्यायचे विसरले असेल आणि ते कळवले नसेल, तर सकाळचा चढलेला आकडा पाहून डॉक्टर मात्रा वाढवतील आणि पुढच्या रात्री ती जास्त होईल. उपवास, उशिराचे जेवण, ताप, एखादी नवी गोळी, हेही त्याच ओळीत यावे. यंत्रावरची तारीख-वेळ एकदा तपासून घ्यावी. छायाचित्र पाठवताना चुकीची तारीख गोंधळ करते.

उत्तरातही काटेकोरपणा हवा. “दोनने वाढवा” यापेक्षा “आज रात्रीपासून १६ ऐवजी १८ युनिट” असे लिहिलेले बरे. रुग्णाने तोच आकडा परत लिहून कळवावा. चालू मात्रा कागदावर लिहून इन्सुलिन ठेवलेल्या जागी लावावी, कारण संदेशांच्या यादीत मागचा एखादा जुना आदेश चुकून पाळला जाऊ शकतो. घरातल्या कोणा एकानेच ही जबाबदारी घ्यावी, म्हणजे मुलगा आणि सून दोघांनीही वाढवून मात्रा दोनदा चढणार नाही.

जिथे संदेश थांबतो

चौथ्या आठवड्यात एकादशीच्या दुसऱ्या सकाळी आकडा ६४ आला. अंगाला घाम, हातांना कंप. गुरुजींनी आधी तीन चमचे साखर पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, ९२ आले, मग नाश्ता केला आणि त्यानंतर संदेश पाठवला. क्रम हाच असावा. ७० च्या खाली आकडा गेला की उत्तराची वाट पाहायची नसते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी मात्रा दहा टक्क्यांनी, म्हणजे २० वरून १८ वर आणली आणि पुढच्या उपवासाची कल्पना आदल्या दिवशीच द्यायला सांगितली. उलट्या होत असतील, खाणे जात नसेल किंवा वारंवार ३०० च्या पुढे आकडे येत असतील, तेव्हाही संदेश पुरेसा नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. सकाळचा आकडा लक्ष्यात असला, तरी दिवसभराची साखर त्यातून कळत नाही. मात्रा वजनाच्या दर किलोमागे अर्धा युनिट, म्हणजे गुरुजींच्या बाबतीत ३५ युनिटांच्या आसपास गेली आणि तरीही एचबीएवनसी उतरला नाही, तर दोष बहुधा जेवणानंतरच्या साखरेचा असतो. तिथे रात्रीचे इन्सुलिन आणखी वाढवून काही साधत नाही. रात्रीत साखर खाली घसरण्याचा धोका मात्र वाढतो. झोपतानाच्या आणि सकाळच्या आकड्यांत पन्नासाहून अधिक घट दिसणे, ही त्याचीच खूण. अशा वेळी प्रत्यक्ष तपासणी आणि उपचारांची नवी आखणी लागते.

भारतात २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी लिखित संदेशावरून सल्ला देण्यास नोंदणीकृत डॉक्टरांना मुभा दिली आहे. प्रत्यक्ष तपासलेल्या, ओळखीच्या रुग्णाचा पाठपुरावा यात सर्वांत सोयीचा ठरतो. त्यामुळे पहिली भेट दवाखान्यातच व्हावी. त्या भेटीत चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: सकाळच्या साखरेचे लक्ष्य, किती दिवसांनी किती युनिट, कोणत्या आकड्याला थांबायचे आणि डॉक्टर उत्तर देऊ शकत नसतील तेव्हा कोणाला फोन करायचा. गुरुजींच्या घरी तो कागद आजही फ्रीजच्या दारावर आहे. वर खोडलेले १०, १२, १४, १६, १८, २०, आणि खाली ठळक अक्षरांत १८.