पोटाशी बांधायची पासपोर्टची पिशवी

परदेशी निघालेली मंडळी पिशवी घेताना तिच्यात पासपोर्ट घालून बघतात आणि तो बसला की पैसे देऊन मोकळी होतात. खरं तर माप नोटेचं घ्यायला हवं. पासपोर्ट साडेबारा सेंटीमीटर लांब आणि नऊला थोडा कमी रुंद असतो. आपली 500 ची नोट मात्र 15 सेंटीमीटर लांब आणि डॉलरची त्याहून अर्ध्या सेंटीमीटरने मोठी. पिशवी आखूड असली की नोटा दुमडाव्या लागतात आणि त्यांचा गठ्ठा पोटाला टोचतो. शिवाय चुरगळलेले, फाटके डॉलर बदलून द्यायला अनेक ठिकाणी नकार मिळतो. म्हणून आतून 17-18 सेंटीमीटर लांब आणि 11 उंच अशी आडवी पिशवी बघावी. त्याहून मोठी नको, कारण सैल पिशवीत सगळं एका कोपऱ्याला घसरतं.

कपड्यांच्या आत बांधायची असेल तर मी कापडीच घेईन. पोटावर घाम येतोच. मऊ सुती कापड तो टिपून घेतं आणि त्वचेला काचत नाही, पण टिपलेला ओलावा आत पोचतो. पासपोर्टची पानं एकदा फुगली की पुढच्या विमानतळावर प्रश्न उभे राहतात. त्यामुळे पासपोर्ट आणि नोटा आधी पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटात घालाव्यात. नायलॉन हलकं असतं आणि लवकर वाळतं. मात्र त्याला मागून सुती अस्तर नसेल तर उकाड्यात ते अंगाला चिकटतं.

चामड्याचं प्रकरण वेगळं आहे. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. असं वनस्पतींनी कमावलेलं चामडं टिकाऊ असतं, पण ओलं झालं की डाग आणि रंग सोडतं, वाळताना कडक होतं. घेण्याआधी पांढरा रुमाल ओला करून पिशवीच्या आतल्या बाजूवर चांगला घासावा. रुमालाला रंग लागला, तर उद्या तो पासपोर्टलाही लागेल. गडद रंगाच्या कापडालाही हीच परीक्षा लावावी. चामड्याची पिशवी सदऱ्यावरून, खांद्याला तिरकी अडकवायला उत्तम.

दुकानात पिशवी भरून, कमरेला बांधून बुटक्या स्टुलावर बसून बघा. उभं असताना न जाणवणारी कडा बसल्यावर जांघेत रुतते. तसं झालं तर पट्टा दोन बोटं वर घ्यावा. बक्कल पाठीच्या कण्यावर आलं, तर विमानाच्या खुर्चीत आठ तास टोचेल. ते कुशीला घेता येतं का, हे पाहावं. चेनच्या मागे कापडाची पट्टी आहे ना, तेही बोट फिरवून बघा, नाहीतर दाते अंगावर ओरखडे काढतात. साडीखाली बांधणार असाल तर पिशवी निऱ्यांवर न आणता डाव्या कुशीला घ्या. आणि दिवसभराच्या खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात असू द्या, म्हणजे चारचौघांत कमरेची पिशवी उघडावी लागत नाही.