स्लाइडवर न लिहिलेले ‘कारण’

धड्याची पीपीटी समोर असली की आदर्श उत्तर लिहिणे सोपे वाटते. मुद्दे आहेत, आकृती आहे, आता मुद्द्यांची वाक्ये केली की काम झाले. दहावीच्या तयारीसाठी अनेक ठिकाणी उत्तरे अशीच तयार होतात आणि मुले ती पाठ करतात. पण स्लाइड ही वर्गात बोलणाऱ्या शिक्षकासाठी केलेली टिपणे असतात. दोन मुद्द्यांना जोडणारे ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ शिक्षक तोंडाने सांगतो, ते स्लाइडवर उतरत नाही. दीर्घोत्तरी प्रश्नात गुण मिळतात ते बहुतेक याच जोडणीला.

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’मधला ‘उष्णता’ हा धडा घेऊ. पेपर ४० गुणांचा आणि दोन तासांचा असतो, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. शेवटचा मोठा प्रश्न पाच गुणांचा. त्याला पंधरा मिनिटे मिळतात आणि आकृतीही त्यातच काढायची असते. आदर्श उत्तर दोन पाने भरत असेल, तर ते कितीही सुंदर असले तरी परीक्षेत लिहून होणार नाही. आकृती धरून एका पानात मावेल एवढेच लिहायचे, हे आधी ठरवावे.

आता प्रश्न असा समजा: ‘होपच्या उपकरणाच्या साहाय्याने पाण्याचे असंगत आचरण स्पष्ट करा.’ एडिंबरा येथील रसायनशास्त्रज्ञ थॉमस चार्ल्स होप यांनी १८०५ साली मांडलेला हा प्रयोग. उभट नळकांड्यात पाणी असते, त्याच्या मध्यावर बाहेरून पसरट भांडे बसवलेले असते आणि त्या भांड्यात बर्फ-मिठाचे गोठणमिश्रण. पसरट भांड्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन तापमापी. पीपीटीत याला साधारणपणे चार स्लाइड मिळतात. पहिलीवर ‘०° ते ४° से. – असंगत आचरण’, दुसरीवर उपकरणाची आकृती, तिसरीवर ‘खालची तापमापी ४° से. स्थिर, वरची ०° से.’ आणि चौथीवर गोठलेला तलाव व बर्फाखाली पोहणारे मासे.

तिसऱ्या स्लाइडवर निरीक्षण आहे, स्पष्टीकरण नाही. प्रश्नात ‘स्पष्ट करा’ म्हटले आहे. म्हणून मी उत्तर लिहायला या स्लाइडपासून सुरुवात करते आणि तिच्यातल्या प्रत्येक आकड्याला ‘का’ विचारते. खालच्या तापमापीतील तापमान आधी का उतरते? मध्यभागातले पाणी थंड झाले, त्याचे आकारमान कमी झाले, घनता वाढली आणि ते तळाशी गेले, म्हणून. मग ते ४° से.वर का थांबते? मध्यभागातले पाणी त्याहून थंड होऊ लागताच प्रसरण पावते, त्याची घनता कमी होते, ते खाली जाण्याऐवजी वर चढते, म्हणून. वरच्या तापमापीतील तापमान इतका वेळ जवळपास तसेच राहून नंतर भराभर ०° से.कडे का जाते, याचेही उत्तर त्याच वाक्यात आहे.

एवढे हाती आले की गुणांची विभागणी सुचू लागते. विभागणी करताना मी एकच कसोटी लावते: इतर मुद्दे चुकले तरी परीक्षकाला हा मुद्दा वेगळा तपासून खूण करता आली पाहिजे. ०° से.पासून ४° से.पर्यंत तापवताना पाणी प्रसरण न पावता आकुंचन पावते, या व्याख्येला एक गुण. नावे दिलेल्या आकृतीला एक. मध्यभागातले पाणी थंड होऊन घनता वाढल्याने खाली जाते आणि खालचे तापमान ४° से.पर्यंत उतरते, या पहिल्या टप्प्याला एक. ४° से.खाली पाणी प्रसरण पावून वर जाते आणि वरचे तापमान ०° से.पर्यंत उतरते, या दुसऱ्या टप्प्याला एक. पाण्याची घनता ४° से.ला सर्वाधिक असते, या निष्कर्षाला एक. दोन्ही टप्प्यांत निरीक्षणाला अर्धा आणि कारणाला अर्धा, हेही तिथेच लिहून ठेवावे. नाहीतर नुसता ‘खाली ४, वर ०’ हा आकडा लिहिणाऱ्याला दोन गुण जातात.

तलावाच्या स्लाइडला इथे गुण नाही. तो मोह टाळणे अवघड असते, कारण चित्र सुंदर असते आणि मुलांना तेच आठवते. पण प्रश्न होपच्या उपकरणाचा आहे. आदर्श उत्तरात मासे आले, तर मुले प्रत्येक वेळी मासे लिहितील आणि दुसरा टप्पा लिहायला वेळ उरणार नाही. शिवाय हेच चित्र एका चुकीला खतपाणी घालते. मुले लिहितात, ‘बर्फ हलका असल्याने वर तरंगतो, हेच असंगत आचरण.’ बर्फ तरंगतो हे खरेच, पण प्रश्नातले आचरण ०° ते ४° से.दरम्यानच्या द्रवरूप पाण्याचे आहे. या वाक्याला दुसऱ्या टप्प्याचा गुण द्यायचा नाही, ही सूचना गुणदानात आधीच हवी.

विभागणी नीट झाली का, हे उत्तरपत्रिकेवरच कळते. समजा एका मुलाने लिहिले: ‘गार झालेले पाणी जड होते व खाली जाते, म्हणून खाली ४° दिसते. नंतर वर ०° होते. म्हणून ४°ला पाणी सर्वात जड असते.’ आकृती काढली आहे, पण गोठणमिश्रणाचे नाव लिहिलेले नाही. व्याख्या नसल्याने तिचा गुण नाही. आकृतीला अर्धा. दुसऱ्या टप्प्यात निरीक्षण आहे, कारण नाही, म्हणून अर्धा. आता ‘जड’ या शब्दाचे काय? थंड झाल्याने पाण्याचे वस्तुमान बदलत नाही, आकारमान बदलते, म्हणून बरोबर शब्द ‘घनता’. माझ्या मते पहिल्या टप्प्यात पाणी खाली का जाते हे मुलाला उमगले आहे, तिथे पूर्ण गुण द्यावा. निष्कर्षात मात्र घनता हाच गाभा आहे, तिथे ‘जड’ला अर्धाच. एकूण अडीच. दुसरा शिक्षक दोन देईल, कुणी तीन देईल. असा फरक पडला तर मुलाच्या उत्तरावर वाद घालण्यापेक्षा आपल्या गुणदानात ‘जड’विषयी एक ओळ वाढवावी आणि तेच उत्तर पुन्हा तपासावे.

आलेखाचीही अशीच सोय करावी लागते. या धड्यात दोन आलेख एकमेकांत मिसळतात. एक पाण्याच्या आकारमानाचा तापमानाशी, ज्याचा तळ ४° से.ला असतो. दुसरा होपच्या प्रयोगातला, काळ आणि तापमान यांचा, ज्यात खालच्या तापमापीची रेषा ४° से.वर आडवी होते आणि वरच्या तापमापीची रेषा तिला छेदून ०° से.कडे जाते. मुलाने उपकरणाऐवजी हा दुसरा आलेख नावांसह काढला, तर आकृतीचा गुण देता येईल, असे मी ठरवले आहे. पहिल्या आलेखाला तो देत नाही, कारण त्यात प्रयोग दिसत नाही.

हेच साहित्य तीन गुणांच्या प्रश्नासाठी वापरताना व्याख्या व आकृती वगळून भागत नाही, प्रश्नच अरुंद करावा लागतो. ‘होपच्या उपकरणात खालच्या तापमापीतील तापमान ४° से.वर स्थिर का राहते?’ असे विचारले, तर पहिला टप्पा, दुसऱ्या टप्प्यातले कारण आणि सर्वाधिक घनतेचा निष्कर्ष एवढेच उरते, आणि नऊ मिनिटांत ते लिहून होते.