दहा आणि दहा एकोणीस

दिवाळीच्या आधी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या बाजारात फेरी मारली की एका प्रकारची पाटी हमखास दिसते: ‘सर्व साड्यांवर १० टक्के सूट, सभासदांना आणखी १० टक्के’. वाचणारा मनातल्या मनात बेरीज करतो आणि वीस टक्के धरून दुकानात शिरतो. बिल हातात येतं तेव्हा सूट भरते १९ टक्के. दुकानदाराने लबाडी केलेली नसते आणि त्याचा कॉम्प्युटरही बरोबर असतो. चुकते ती आपली बेरीज. ती नेमकी कुठे चुकते, हे एका साडीच्या किमतीवरून नीट दिसतं.

साडीची छापील किंमत ५,००० रुपये धरू. पहिली १० टक्के सूट म्हणजे ५०० रुपये. ते वजा केले की राहतात ४,५००. आता सभासदाची सूट द्यायची, तीही १० टक्केच, पण ती काढायची या ४,५०० रुपयांवर. म्हणजे ४५० रुपये. उरले ४,०५०. दोन्ही मिळून सूट झाली ९५० रुपये, आणि ५,००० वर ९५० म्हणजे १९ टक्के. समोरच्या दुकानात तशीच साडी सरसकट २० टक्के सुटीत असेल, तर ती ४,००० रुपयांना पडेल.

हे ५० रुपये गेले कुठे? दुसरी सूट पूर्ण ५,००० वर मिळाली असती तर तीही ५०० रुपये झाली असती. पण तोवर ५०० रुपये किमतीतून निघून गेलेले होते. जी रक्कम आपण देणारच नाही, तिच्यावर दुसरी सूट कशी मिळणार? त्या निघून गेलेल्या ५०० चे १० टक्के म्हणजे ५० रुपये, आणि तेवढीच सूट कमी पडली. सगळा फरक एवढ्यात आहे. टक्का ही काही रुपयांसारखी ठरावीक रक्कम नाही, तो नेहमी कशाचा तरी टक्का असतो. पहिला टक्का छापील किमतीचा आहे, दुसरा उरलेल्या किमतीचा. आधार वेगळे असलेले दोन टक्के सरळ मिळवता येत नाहीत.

हेच उलट बाजूने पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. ४,५०० वर आलेली साडी ४,००० ला हवी असेल, तर दुसरी सूट ५०० रुपयांची लागेल. ४,५०० चे ५०० म्हणजे नववा हिस्सा, म्हणजे ११ टक्क्यांहून थोडं जास्त. पहिल्या १० टक्क्यांनंतर वीसचा आकडा गाठायचा तर दुसऱ्या पाटीवर १० नव्हे, अकराहून थोडा जास्त आकडा लिहावा लागेल.

हिशेब पटकन करायचा असेल तर सूट मोजूच नये. उरतं काय ते मोजावं. १० टक्के सूट म्हणजे रुपयातले ९० पैसे द्यायचे. पुन्हा १० टक्के म्हणजे त्या ९० पैशांतला दहावा हिस्सा सोडून बाकीचे द्यायचे. यासाठी शाळेत पाठ केलेले पाढे पुरतात. नऊ नवे एक्क्याऐंशी, म्हणजे १०० रुपयांच्या वस्तूचे ८१ रुपये द्यायचे, सूट १९. दुकानात ‘२० + २०’ लिहिलं असेल तर आठ आठे चौसष्ट, सूट ३६ टक्के. ‘३० + ३०’ असेल तर सात साते एकोणपन्नास, सूट ५१ टक्के. ‘२० + १०’ ला आठ नवे बाहत्तर, सूट २८ टक्के. आणि सगळ्यात भुरळ घालणारी पाटी ‘५० + ५०’. बेरीज केली तर वस्तू फुकट मिळायला हवी. पाच पाचे पंचवीस, म्हणजे चौथा हिस्सा पैसे मोजावेच लागतात.

या ओळीत एक गोष्ट लक्षात येईल. सुटीचे आकडे लहान असताना फरक एका टक्क्याचा होता, २० + २० ला तो चारचा झाला, ३० + ३० ला नऊचा आणि ५० + ५० ला थेट पंचवीसचा. फरक हा दोन सुटींचा गुणाकार असतो: दहाच्या दहाव्या हिश्श्याचा १, वीसच्या पाचव्या हिश्श्याचा ४. म्हणून १० + १० ला फसगत किरकोळ वाटते. मोठ्या सुटींच्या पाट्यांवर मात्र तीच बेरीज महागात पडते.

कुठली सूट आधी आणि कुठली नंतर, याची काळजी ग्राहकाला असते. दोन्ही सुटी टक्क्यांत असतील तर ती करायची गरज नाही. ५,००० वर आधी २० टक्के दिले तर ४,०००, मग १० टक्क्यांनी ३,६००. उलट क्रमाने आधी १० टक्के दिले तर ४,५००, मग त्याचे २० टक्के म्हणजे ९०० वजा, पुन्हा ३,६००. आठ नवे असोत की नऊ आठे, उत्तर बाहत्तरच.

पण त्यात रुपयांतलं कुपन आलं की क्रमाला महत्त्व येतं. त्याच ५,००० च्या साडीवर दोन १० टक्के सुटींशिवाय ३०० रुपयांचं कुपन आहे असं समजू. दोन्ही सुटी आधी लावल्या तर ४,०५०, त्यातून ३०० गेले, द्यायचे ३,७५०. कुपन आधी कापलं तर ४,७०० पासून सुरुवात. १० टक्क्यांनी ४,२३०, पुन्हा १० टक्क्यांनी ३,८०७. तेच कुपन, त्याच सुटी, आणि फरक ५७ रुपयांचा. कुपन आधी कापलं की त्या ३०० रुपयांवरची १९ टक्के सूट बुडते, आणि ३०० चे १९ टक्के ५७ होतात. ग्राहकाच्या फायद्याचा क्रम सरळ आहे: टक्के आधी, रुपये शेवटी.

ऑनलाइन खरेदीत यावर आणखी एक अट बसते. टीव्हीची किंमत २५,००० रुपये, विक्रेत्याची सूट १० टक्के, आणि ठरावीक बँकेच्या कार्डावर आणखी १० टक्के. त्या कार्डाच्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘कमाल १,५०० रुपये’. पहिल्या सुटीनंतर किंमत २२,५००. तिचे १० टक्के २,२५० होतात, पण मिळतात १,५०० च. शेवटी द्यायचे २१,०००. एकूण सूट ४,००० रुपये, म्हणजे १६ टक्के. इथे वीस नाही आणि एकोणीसही नाही. कमाल रकमेची अट असली की महागड्या वस्तूवर दुसऱ्या सुटीचा टक्का नुसता नावाला उरतो. १,५०० ही कमाल मर्यादा १५,००० रुपयांवरच पूर्ण होते. त्यापुढच्या प्रत्येक रुपयावर कार्डाची सूट शून्य.

हा हिशेब सगळ्यात जपून केला जातो तो घाऊक व्यापारात. हार्डवेअर, पाइप, नळ, इलेक्ट्रिकचे स्विच यांच्या बाजारात कंपनी एक छापील दरपत्रक काढते आणि व्यापाऱ्याला सूट सांगते ती ओळीने: ‘४० + १० + ५’. पहिली सूट ठरलेली व्यापारी सूट, दुसरी जास्त माल उचलण्याबद्दल, तिसरी रोखीने किंवा मुदतीत पैसे दिल्याबद्दल, असं साधारण चालतं. दरपत्रक तेच ठेवून सुटीच वरखाली करता येतात, म्हणून ही पद्धत सोयीची. नव्याने धंद्यात आलेला माणूस याची बेरीज ५५ करतो. प्रत्यक्षात १०० चे ६० होतात, ६० चे ५४, आणि ५४ मधून ५ टक्के म्हणजे २ रुपये ७० पैसे गेले की ५१ रुपये ३० पैसे. सूट झाली ४८.७० टक्के. एक लाखाच्या मालावर ५५ धरून ४५,००० रुपये बाजूला ठेवणाऱ्याला बिल ५१,३०० चं येईल, त्यावर जीएसटी वेगळा. ६,३०० रुपयांचा हा फरक ज्या दुकानदाराने आपला विक्रीचा भाव आधीच कबूल केलेला असतो, त्याच्या नफ्यातून जातो. किरकोळ गिऱ्हाइकाचे पन्नास रुपये जातात, व्यापाऱ्याचा हंगाम जाऊ शकतो. म्हणून या बाजारातली जाणती माणसं सुटी मिळवत नाहीत. ‘नेट किती पडतो?’ एवढंच विचारतात.

आता प्रश्न उरतो की ही पाटी लावणं गैर आहे का. ‘१० टक्के, आणि त्यावर आणखी १० टक्के’ असं लिहिलं असेल तर नाही. ‘त्यावर’ या शब्दात खरं ते सांगितलेलं आहे. क्वचित एखादा दुकानदार दोन्ही सुटी छापील किमतीवर देतोही, आणि तेव्हा बेरीज खरोखर २० होते. पण दोन सुटी एकापाठोपाठ लावून पाटीवर ‘एकूण २० टक्के’ लिहिणं चुकीचं आहे, मग फरक पन्नास रुपयांचा का असेना. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तरतूद आहे, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तिथवर जायची वेळ बहुतेकदा येत नाही. साडी बांधायला देण्याआधी काउंटरवर दोनच गोष्टी विचारा: दुसरी सूट कुठल्या किमतीवर काढणार, आणि कुपन कधी कापणार? बिलात प्रत्येक सूट वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. आणि दोन दुकानांची तुलना करताना पाट्यांवरचे टक्के बाजूला ठेवून हातात द्यायचे रुपये तेवढे मोजा.