उसना घाम

सोलापूरकडची मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. बाभळीच्या विरळ सावलीत गाय निवांत रवंथ करत उभी आहे. तिच्यासोबत चरायला सोडलेली पंढरपुरी म्हैस मात्र मघाशीच खालच्या डबक्यात जाऊन बसली आहे. पाठीवर तलवारीसारखी वळलेली लांब शिंगं, दोन डोळे आणि नाकपुड्या, एवढंच काय ते पाण्याबाहेर दिसतं. मधूनच ती मान वाकडी करते, शिंगाने तळाचा गाळ उचलते आणि स्वतःच्याच पाठीवर भिरकावते. बघणारा म्हणतो, म्हैसच ती, चिखलाशिवाय दुसरं काय सुचणार! पण उन्हात टिकून राहण्याचा हा म्हशीचा उपाय आहे आणि तिच्या कातडीची रचना पाहिली की त्याचं कारण समजतं.

उकाड्यात शरीर थंड ठेवायचं आपलं मुख्य साधन घाम. गाईलाही घाम येतो. म्हशीच्या कातडीत मात्र घर्मग्रंथी फार विरळ असतात. वेगवेगळ्या मोजण्यांनुसार त्या गाईच्या मानाने सहाव्या ते दहाव्या हिश्श्याएवढ्याच भरतात. त्यात रंग काळा, म्हणजे ऊन शोषायला एकदम सोयीचा. अंगावर केसही नावालाच. पारडू जन्मतं तेव्हा चांगलं केसाळ असतं, पण वाढता वाढता ते केस विरळ होत जातात आणि मोठ्या म्हशीला उन्हापासून आडोसा उरत नाही. काळ्या रंगाचा एक फायदा म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी तिची कातडी सहसा भाजत नाही. पण उष्णता आत जातेच, आणि ती बाहेर टाकायला घाम अपुरा पडतो.

म्हैस गरमीलाच कच्ची, असा यातून निष्कर्ष काढला तर तो चुकेल. ती कच्ची आहे ती उन्हाला. दाट सावली किंवा पाणी मिळालं की ती गाईपेक्षाही लवकर निवते, कारण कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं आणि केसांचं पांघरूण नसल्याने उष्णता अडत नाही. उन्हात नडणारी उघडी कातडी पाण्यात कामी येते. तिचे पूर्वज नदीकाठच्या, दलदलीच्या प्रदेशातले. आजही रानम्हैस आसामात काझीरंगाच्या पाणथळीत दिसते आणि आपल्याकडे गडचिरोलीतल्या कोलामार्काच्या जंगलात थोडीफार टिकून आहे. ज्या जनावराला पाणी कायम हाताशी होतं, त्याला घामाची फारशी गरजच पडली नसावी.

आता डबक्यात नेमकं काय होतं ते पाहू. पाण्यात असताना एक काम होतं, पाण्याबाहेर आल्यावर दुसरं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, म्हणून अंगापेक्षा थोडंसंच थंड पाणीही म्हशीची उष्णता झपाट्याने ओढून घेतं. उथळ डबक्याचं वरचं पाणी दुपारी कोमट होतं, पण खालचा गाळ त्या मानाने गार राहतो. म्हणून म्हैस नुसती उभी न राहता खाली बसते, कुशीवर लोळते, खुरांनी आणि अंगाच्या भाराने खळगा करत जाते.

खरी गंमत ती बाहेर आल्यावर सुरू होते. नुसतं पाणी अंगावरून निथळून जातं आणि उरलेलं पटकन वाळतं. चिखल मात्र ओल धरून ठेवतो आणि ती हळूहळू सोडतो. पाणी वाळताना वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता कातडीतून घेतं, आणि घामही नेमकं हेच करतो. डुकरांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की चिखलाचा गारवा नुसत्या पाण्याच्या गारव्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकतो. डुकरालाही घाम जवळजवळ येत नाही, त्यामुळे दोघांची अडचण एकच. थोडक्यात, स्वतःच्या अंगातून न येणारा घाम म्हैस डबक्यातून उसना आणते.

या उसन्या घामाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक लिटर पाणी कातडीवरून वाळून जायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. ४५० किलोच्या म्हशीचं सबंध शरीर एका अंशाने थंड करायला सुमारे ३७५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे अंगावरच्या चिखलातलं एक लिटर पाणी वाळलं, तर कागदावर तरी तिचं तापमान दीड अंशाने उतरू शकतं. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून आणि उन्हातून येते, त्यामुळे लाभ कमीच मिळतो. पण ज्या जनावराचं शरीर ३८.५ अंशांच्या आसपास राहायला हवं, त्याला एक अंशही मोठा असतो. कोकणातल्या दमट हवेत मात्र चिखल लवकर वाळत नाही, त्यामुळे तिथे बाहेरच्या लेपापेक्षा पाण्यात बसण्याचाच उपयोग जास्त.

दुसरा शत्रू माश्यांचा. विरळ केसांमुळे गोमाशीला कातडी सहज सापडते. गोमाशी सोंड खुपसून रक्त पिणारी नाही, ती कातडी चिरते आणि वर आलेलं रक्त चाटते. शेपटीचा गोंडा मागच्या अंगावर पोचतो, पण खांदा, मान आणि पाठीचा वरचा भाग त्याच्या टप्प्याबाहेर राहतो, आणि शिंगांनी उडवलेला चिखल बरोबर तिथेच पडतो. पाण्यात बुडालेल्या अंगाला तर माशी चावूच शकत नाही. लेप वाळून कडक झाला की म्हैस बाभळीच्या खोडाला अंग घासते, पापुद्रे गळतात आणि त्यांच्याबरोबर काही उवा-गोचिडीही जातात. एकाच गोठ्यात बांधलेल्या गाईच्या मानाने म्हशीवर गोचिडी कमी आढळतात, त्याला जाड कातडीइतकंच हे लोळणं कारण आहे. पण चिखल हे काही औषध नव्हे. कानाच्या आत, कासेजवळ, शेपटीच्या मुळाशी गोचीड दडून राहते, आणि त्याच डबक्यात जळवा असतात त्या वेगळ्याच.

डबक्याची दुसरी बाजू गवळी जाणतात. धार काढल्या काढल्या म्हैस पाण्याकडे वळली, तर तिला दावणीलाच अडवून ठेवतात. ‘सड अजून उघडे आहेत, पेंड खाऊ दे आधी,’ असं एका गवळ्याने मला सांगितलं होतं. धारेनंतर साधारण अर्धा तास सडाचं तोंड नीट मिटत नाही. तेवढ्यात चिखलातले जंतू आत शिरले, तर कासेला सूज येते, दुधात गाठी दिसू लागतात, म्हणजे कासदाह. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगायींमुळे यकृतातले चपटे कृमीही होतात. पावसाळ्यात ओल्या जमिनीत घटसर्पाचे जंतू तग धरतात आणि म्हैस या रोगाला गाईपेक्षा जास्त बळी पडते, म्हणून त्याची लस पावसाआधी टोचून घ्यायची असते.

डबकंच नसलेल्या शहरी गोठ्यात मात्र म्हशीकडे लक्ष ठेवावं लागतं. निवांत असताना ती मिनिटाला वीस-पंचवीस वेळा श्वास घेते. कुशीची हालचाल मोजताना आकडा पन्नास-साठच्या पुढे गेला, तोंड उघडं पडून लाळ गळू लागली, चारा तसाच राहिला, तर तिला ऊन लागलं आहे. असं रोज होत राहिलं, तर दूध घटतं, आणि माज येऊनही तो दिसत नाही. त्याला गवळी मुका माज म्हणतात. अशा वेळी दुपारी दोन-तीनदा पाण्याचा फवारा मारून पंखा लावतात. पंखा नसेल, तर गोठ्यातली हवाच दमट होते आणि अंगावरचं पाणी वाळत नाही. फवाराही केस ओले करण्यापुरता नको, कातडी भिजेपर्यंत हवा.

डबक्यातल्या म्हशीला हे काही मोजावं लागत नाही. बाहेर येते तेव्हा ती काळीभोर, चकचकीत असते. तासाभरात पाठीवर राखाडी छटा येते, मग भेगा पडतात. सगळं अंग राखेच्या रंगाचं झालं की ती झाडाला पाठ घासून पुन्हा त्याच खळग्याकडे चालू लागते.