‘क’ गिरवणारा पडदा

एखाद्या मालिकेच्या शीर्षकात ‘क’ हे अक्षर पडद्यावर कुणीतरी लिहीत असल्यासारखं उमटतं. आफ्टर इफेक्ट्समध्ये हे करणारी सोय म्हणजे Trim Paths. ती रेघ काढत नाही. रेघ आधीच पूर्ण काढलेली असते, तिचा किती भाग दिसावा एवढंच ती ठरवते. End शून्य टक्क्यांवर असेल तर काहीच दिसत नाही, शंभरावर नेलं की सगळी रेघ दिसते. मधला प्रवास वेळेच्या पट्टीवर नोंदवला की रेघ धावू लागते.

नवशिका इथेच फसतो. तो फॉन्टमधला ‘क’ घेतो, Create Shapes from Text वापरतो, त्यावर Trim Paths लावतो, आणि अक्षर लिहिलं जाण्याऐवजी त्याच्या कडेकडेने एक बारीक रेघ फिरते. बरोबरच आहे. फॉन्टला अक्षराची फक्त बाह्यरेषा माहीत असते. हात कुठून कुठे गेला, हे त्याला ठाऊक नसतं.

मग हात आपणच द्यायचा. पेन टूलने अक्षराच्या मधोमध रेघ ओढायची, तीही शाळेत गिरवलेल्या क्रमाने: आधी डावीकडचं पोट, मग दांडा, मग उजवीकडचा आकडा आणि शेवटी शिरोरेषा. पहिला बिंदू जिथे ठेवाल तिथून रेघ सुरू होते. दांडा खालून वर चढताना दिसला, तर Reverse Path Direction ने दिशा उलटवायची. ही रेघ अक्षराच्या सर्वांत जाड भागालाही झाकेल इतकी रुंद करायची आणि फॉन्टमधल्या अक्षराला Track Matte म्हणून जोडायची. आता रेघ जिथे पोचेल तिथलंच अक्षर उघडं पडतं, बोरूचा जाड-बारीकपणा तसाच राहतो.

सेकंदाला 25 फ्रेम धरल्या, तर मी पोटाला 8, दांड्याला 5, आकड्याला 8 आणि शिरोरेषेला 6 फ्रेम देतो. दोन फटकाऱ्यांमध्ये 2 फ्रेम मोकळ्या सोडतो, कारण हात उचलला जातो तेव्हा वेळ जातोच. एकूण 33 फ्रेम, म्हणजे सव्वा सेकंदाहून किंचित जास्त. त्या मोकळ्या फ्रेम काढून टाकल्या की अक्षर लिहिल्यासारखं न वाटता छापल्यासारखं वाटतं.

खरी अडचण सांध्यांवर येते. दांड्याची रुंद रेघ खाली उतरताना शेजारच्या आकड्याचा तुकडाही उघडा पाडते. वेगाने पाहताना हे लक्षात येत नाही, नुसतं काहीतरी खटकतं. Page Down दाबत एकेक फ्रेम पुढे गेलात, की दांड्याच्या उजव्या अंगाला वेळेआधी फुटलेला कोंब दिसतो. रेघ बारीक करून तो जात नाही, उलट दांड्याची कड झाकायची राहते. त्यामुळे अक्षरच सांध्यावर कापून पोट, दांडा, आकडा आणि शिरोरेषा वेगवेगळ्या थरांवर ठेवावी लागतात, आणि प्रत्येकाला स्वतःची रेघ द्यावी लागते. ‘क’ला चार. ‘ज्ञ’ आला की मी आधी चहा मागवतो.