विद्युत मोटारीतील रीजनरेटिव्ह ब्रेकिंग आणि एक-पेडल चालन (चाचणी फेरीतील परीक्षण)

रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणजे वाहनाची गतिज ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाऊ न देता तिचा काही भाग विजेच्या रूपाने पुन्हा बॅटरीत साठवणारी ब्रेकची पद्धत होय. विद्युत मोटारीत ही पद्धत इतकी प्रभावी करता येते की केवळ अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरील दाब कमी-अधिक करून बहुतेक वेळा मोटार चालवता व थांबवता येते. या शैलीस एक-पेडल चालन म्हणतात. दोन मोटारींमध्ये या पद्धतीचे वर्तन बरेच भिन्न असू शकते. त्यामुळे खरेदीपूर्वीच्या चाचणी फेरीत तिचे स्वतंत्र परीक्षण करणे आवश्यक ठरते.

## कार्यपद्धती

विद्युत मोटारीतील चालक-यंत्र वीज घेऊन चाके फिरवते. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की हेच यंत्र उलट भूमिका घेऊन जनित्र बनते. फिरणारी चाके त्याला फिरवतात, त्यातून वीज निर्माण होते आणि त्या प्रक्रियेत चाकांना जो विरोध होतो, त्यामुळे वाहनाचा वेग कमी होतो. डिस्क किंवा ड्रम ब्रेकमध्ये मात्र घर्षणाने वेग कमी होतो व सर्व ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते.

१,६०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे ६२ वॅट-तास भरते. त्यातील ६० टक्के ऊर्जा परत मिळाली असे धरल्यास ती सुमारे ३७ वॅट-तास होते. किलोमीटरमागे १५० वॅट-तास वीज लागणारी मोटार तेवढ्यावर साधारण २५० मीटर चालते. एका थांब्यावर हा लाभ अल्प असला, तरी वारंवार थांबावे लागणाऱ्या शहरी रहदारीत तो साचत जातो.

## स्तर आणि प्रकार

बहुतेक मोटारींत पाय काढल्यावर होणाऱ्या मंदनाचे स्तर निवडता येतात. टाटा नेक्सॉनच्या २०२३ च्या विद्युत आवृत्तीत ० ते ३ असे चार स्तर असून ते सुकाणूचक्रामागील पट्ट्यांनी बदलतात. ह्युंदाई आयोनिक ५ मध्ये अशा स्तरांखेरीज आय-पेडल नावाचा प्रकार आहे, त्यात मोटार पूर्णपणे थांबते. निसान लीफच्या २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीतील ई-पेडल हे एक-पेडल चालनाचे परिचित उदाहरण असून, त्यात गरजेनुसार घर्षण ब्रेकही आपोआप लागतात आणि मोटार थांबून तशीच उभी राहते.

सर्वांत तीव्र स्तर म्हणजे एक-पेडल चालन नव्हे. काही मोटारींत तीव्र स्तरावरही वेग माणसाच्या चालीइतका राहतो आणि पूर्ण थांबण्यासाठी ब्रेक दाबावाच लागतो.

काही मोटारींत पुनर्प्राप्ती पाय काढण्यापेक्षा ब्रेक पेडलशी जोडलेली असते. पोर्शे टायकानमध्ये पाय काढल्यावर मोटार बहुतांशी मुक्तपणे धावत राहते आणि ब्रेक दाबल्यावर आधी चालक-यंत्राचा व अधिक जोर लागल्यास घर्षणाचा ब्रेक लागतो. दोन्हींच्या या एकत्रीकरणास मिश्र ब्रेकिंग म्हणतात. अशा मोटारीत शून्य स्तर निवडल्याने ऊर्जा वाया जाते असे होत नाही. उलट मोकळ्या महामार्गावर मोटार नुसती धावू देणे अधिक किफायतशीर ठरते, कारण वीज साठवून पुन्हा वापरताना दोन्ही वेळा काही ऊर्जा गमावली जाते. ब्रेक पेडल केवळ घर्षणाशी जोडलेले असल्यास मात्र निवडलेल्या स्तराचा ऊर्जेवर मोठा परिणाम होतो.

## पूर्ण भरलेल्या बॅटरीचा परिणाम

चाचणी फेरीतील अनुभव फसवा ठरण्याचे मुख्य कारण बॅटरीची स्थिती हे आहे. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत परत आलेली वीज साठवण्यास जागा नसते, आणि अतिथंड बॅटरी ती वेगाने स्वीकारू शकत नाही. अशा वेळी नियंत्रक पुनर्प्राप्ती मर्यादित करतो.

वर घेतलेल्या मोटारीचे मंदन एरवी दर सेकंदास १.५ मीटर प्रति सेकंद इतके असेल, तर ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून सुमारे ९३ मीटरमध्ये थांबते. त्यासाठी प्रारंभी ४० किलोवॅट शक्ती बॅटरीकडे वळवावी लागते. बॅटरी २० किलोवॅटच स्वीकारत असेल, तर सुरुवातीचे मंदन निम्म्यावर येते आणि वेग ताशी ३० किलोमीटरपर्यंत उतरल्यावरच ते पूर्ववत होते. हवेचा व रस्त्याचा विरोध वगळल्यास थांबण्याचे अंतर सुमारे १३१ मीटर होते. पेडलवरील पायाची हालचाल तीच असूनही मोटार ३८ मीटर पुढे जाते.

काही मोटारींत ही तूट घर्षण ब्रेक आपोआप भरून काढतात, काहींत ती चालकालाच ब्रेक दाबून भरावी लागते. म्हणून चाचणी फेरीपूर्वी बॅटरीची टक्केवारी पाहणे इष्ट असते. शक्य असल्यास साठ-सत्तर टक्के आणि जवळजवळ पूर्ण अशा दोन्ही स्थितींत मोटार चालवून पाहिल्यास हा फरक स्पष्ट होतो. डोंगरमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून घाट उतरणाऱ्यास याच फरकाला तोंड द्यावे लागते.

## चाचणी फेरीत पाहावयाच्या बाबी

जोर येण्याची रीत : पाय हळूहळू उचलल्यावर मंदन क्रमाने वाढते की एकदम धक्का बसतो, हे मोकळ्या रस्त्यावर पाहावे. मागे बसलेल्या व्यक्तीची मान पुढे झुकते का, ही त्याची सोपी कसोटी आहे.

थांबणे व उभे राहणे : सपाट रस्त्यावर आणि सौम्य चढावर मोटार पूर्ण थांबते का, थांबल्यावर मागे सरकते का, तसेच उलट दिशेने चालवतानाही तिचे वर्तन तसेच राहते का, हे तपासावे.

ब्रेक पेडलचे वर्तन : शून्य स्तरावर ब्रेक हलका दाबला असता फलकावरील शक्तिदर्शक बॅटरी भरण्याच्या बाजूला पूर्वीपेक्षा अधिक सरकला, तर मोटारीत मिश्र ब्रेकिंग आहे असे समजते. पूर्ण थांबण्याच्या क्षणी पेडलखालील जोर अकस्मात बदलल्यास ते एकत्रीकरणातील उणिवेचे लक्षण होय.

ब्रेकदिवे : संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमानुसार, पाय काढल्याने होणारे मंदन दर सेकंदास १.३ मीटर प्रति सेकंदाहून अधिक झाल्यास ब्रेकदिवे लागणे बंधनकारक आहे. ०.७ ते १.३ या टप्प्यात ते ऐच्छिक आहे. दिवे केव्हा लागतात हे मागील वाहनातून दुसऱ्या व्यक्तीने पाहावे.

निवडीची स्मृती : मोटार बंद करून पुन्हा सुरू केल्यावर निवडलेला स्तर कायम राहतो की मूळ स्तरावर जातो, हेही पाहावे. तो नकळत बदलल्यास पाय काढल्यावर अपेक्षित मंदन मिळत नाही.

## मर्यादा

एक-पेडल चालन हे आणीबाणीच्या ब्रेकला पर्याय नाही. मंदनाचा वरील १.५ चा स्तर ९३ मीटर घेतो, तर कोरड्या रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाबून मोटार त्याच वेगावरून साधारण १७ ते २० मीटरमध्ये थांबू शकते. म्हणून या शैलीची सवय झाल्यावरही पाय ब्रेकवर नेण्याचा सराव टिकवावा लागतो.

चालक-यंत्राचा विरोध केवळ त्याला जोडलेल्या चाकांवर पडतो. ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर ती चाके घसरू लागल्यास स्थैर्यनियंत्रण यंत्रणा पुनर्प्राप्ती कमी करते, आणि चालकाला मोटार क्षणभर सुटल्यासारखी वाटते. घर्षण ब्रेकचा वापर फार कमी झाल्यास डिस्कवर गंज साचतो. त्यामुळे अधूनमधून शून्य स्तरावर, किंवा मिश्र ब्रेकिंग असल्यास अधिक जोराने, ब्रेक वापरून डिस्क स्वच्छ ठेवणे हितावह असते.