गेट कधी रिकामं नसतं

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्री बसणाऱ्या काकांच्या खिशात शंभर पानी वही असते. दुधाचा नाहीतर किराणाचा हिशेब असेल, असं मला बरेच दिवस वाटायचं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडली आणि शेजारी मोबाइलवर एक फोटो धरला. तो सुपरवायझरच्या महिन्याच्या हजेरीपत्रकाचा होता. "यात माझे बावीस तास कमी आहेत," ते म्हणाले. "कुठे गेले ते मला माहीत आहे. फक्त एकदा बरोबर आहे का ते बघा."

काकांची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. नेमणूकपत्रात ड्युटी आठ तासांची लिहिली आहे, त्यामुळे रोजचे वरचे चार तास ओव्हरटाइम होतात. एजन्सीच्या भाषेत ती 'अर्धी ओटी'. आठ तास ओटी झाली की एक ड्युटी. डिसेंबरात गुरुवारच्या चार सुट्ट्या वजा जाता काकांच्या २७ रात्री भरल्या. रात्रीचे १२ तास धरले तर ३२४. शिवाय दोन वेळा सकाळी रिलिव्हर वेळेवर आला नाही म्हणून ते एकदा सहा तास आणि एकदा चार तास थांबले. एकूण ३३४. सुपरवायझरच्या पत्रकात मात्र २६ हजेऱ्या आणि १३ ओटी होत्या, म्हणजे ३१२ तास.

हे पत्रक दिसतं कसं, ते आधी समजून घेतलं पाहिजे. आडव्या ओळीत नाव, पुढे १ ते ३१ तारखांच्या चौकटी, शेवटी बेरीज. एका चौकटीत एकच खूण मावते. दिवसपाळीला ही रचना सोयीची, कारण ती एकाच तारखेत उरकते. रात्रपाळी मात्र दोन तारखांवर पसरलेली असते आणि पत्रकात तिला एकच चौकट मिळते. सुपरवायझरकडे अशा आठ-दहा साइट. रोज प्रत्येक गेटवर जाणं त्याला जमत नाही. बहुतेक चौकट्या तो महिनाअखेरीस फोनवर विचारून नाहीतर आठवणीने भरतो.

काकांचे पहिले बारा तास गेले ते ३१ डिसेंबरच्या रात्री. पत्रक ३१ तारखेला संध्याकाळीच ऑफिसला गेलं, काका गेटवर आले रात्री आठला. चौकट कोरीच राहिली. जानेवारीचं पत्रक सुरू झालं १ तारखेच्या रात्रीपासून. वर्षातली सगळ्यात वर्दळीची ती रात्र. पाहुण्यांच्या गाड्यांच्या नोंदींनी गेट रजिस्टरची पानंच्या पानं काकांच्या अक्षरात भरली होती, आणि हजेरीत त्या रात्री गेटवर कोणीच नव्हतं.

ही चूक पकडायला काकांनी जी युक्ती केली, ती मला फार आवडली. "गेट कधी रिकामं नसतं," ते म्हणाले. आमच्या गेटवर एका वेळी एकच माणूस असतो. दिवसाला २४ तास म्हणजे ३१ दिवसांचे ७४४. दिवसाचा माणूस, रात्रीचा माणूस आणि सुट्टीचे रिलिव्हर या सगळ्यांच्या तासांची बेरीज ७४४ यायलाच हवी. काकांनी सगळ्यांच्या ओळी एकत्र मांडल्या. बेरीज आली ७३२. बरोबर बारा कमी, म्हणजे एक अख्खी रात्र. मी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून एजन्सीचं बिल पाहिलं. त्यात दिवसाच्या ३१ आणि रात्रीच्या ३१ ड्युट्या लावलेल्या होत्या. सोसायटीने पैसे मोजले होते, ते काकांपर्यंत पोचले नव्हते.

उरलेले दहा तास या बेरजेत सापडत नाहीत. ते हरवले नव्हते, दुसऱ्याच्या नावावर गेले होते. १२ तारखेच्या रात्रीची ड्युटी १३ ला सकाळी आठला संपायची होती. दिवसाचा मुलगा आला दुपारी दोनला. काकांच्या १३ च्या चौकटीत त्या रात्रीची हजेरी लागायचीच होती, सकाळच्या सहा तासांना तिथे जागा नव्हती. आणि मुलगा आला तर होता, म्हणून त्याला पूर्ण बारा तासांची हजेरी लागली. २४ तारखेला तसंच झालं, फक्त तो बाराला पोचला. गेटचे तास बरोबर भरले, माणूस चुकला.

याचा पुरावा मिळाला चार्जच्या वहीत. पाळी बदलताना किल्ल्या, टॉर्च, इंटरकॉमची यादी ताब्यात दिल्याची त्यात नोंद होते आणि दोघं वेळ टाकून सह्या करतात. १३ तारखेच्या नोंदीत दिवसाच्या मुलाच्या हातची वेळ होती: दुपारी दोन. काकांना हेच जड जात होतं. तास मागायचे म्हणजे त्या पोराचे कापायचे. "त्याला आधी सांगितलं," ते म्हणाले. "म्हटलं, बाबा, तुझी सही आहे, मी काही खोटं लिहीत नाही."

आता पैसे. सोपा आकडा म्हणून आठ तासांच्या ड्युटीला ५०० रुपये धरू. तासाला साडेबासष्ट होतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला १२५. बावीस तासांपैकी आठ तास राहिलेल्या रात्रीच्या मूळ ड्युटीचे, त्यांचे ५००. बाकी चौदा तास ओव्हरटाइमचे, त्यांचे १,७५०. एकूण २,२५० रुपये. पण पगाराची स्लिप पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसली. पत्रकात मान्य असलेल्या १३ ओटीसुद्धा एकेरी दराने दिल्या होत्या. आमच्या आकड्यांनी १०४ तासांचे १३,००० व्हायला हवेत, एकेरीने ६,५०० होतात. म्हणून तासांचा हिशेब आणि दराचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. तास जुळले की माणूस निर्धास्त होतो आणि मोठी रक्कम दरातच राहून जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ओव्हरटाइमचा दर नेहमीच्या दराच्या किमान दुप्पट आहे, आणि तासाचा भागही मोजायचा आहे. पगाराची स्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे. वेतन कमी मिळाल्याचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते. तरी तास भरल्याचा कागद आपल्याजवळ असलेला बरा, कारण पत्रकाखाली आपलीच सही असते. काकांची सही दर महिन्याला २० तारखेच्या सुमारास, अर्ध्या कोऱ्या पत्रकावर घेतली जायची.

सुपरवायझर वयाने लहान. चार्जची वही समोर ठेवल्यावर तो म्हणाला, "काका, आधी सांगायचं ना, एकतीसची लगेच लावतो." ती रात्र लगेच लागली, कारण बिलात ती आधीच होती. दहा तासांची दुरुस्ती पुढच्या पत्रकात आली. दुप्पट दराचा अर्ज काकांनी लेखी दिला आहे आणि पोच घेतली आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

जानेवारीपासून ते कोऱ्या पत्रकावर सही करत नाहीत. भरलेल्या पत्रकाचा आधी फोटो काढतात. वहीतही एक बदल केलाय. पूर्वी ओळीच्या सुरुवातीला एक तारीख असायची, आता दोन असतात: '१२/१३'. पुढे आल्याची वेळ, सुटल्याची वेळ आणि चार्ज कोणी घेतला त्याचं नाव.